मावळ्यांचे बारा पोशाख: भाडे, अनामत आणि झीज यांचा हिशेब

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी नृत्यवर्ग चालवणाऱ्या एका शिक्षिकेकडे स्वतःच्या कार्यक्रमांसाठी शिवून घेतलेले चाळीस पोशाख साठले होते. त्यांत शिवलेल्या नऊवारी होत्या, कोळीनृत्याची लुगडी होती आणि मावळ्यांचे बारा संच होते. वर्गाचा कार्यक्रम वर्षातून एकदाच होई. उरलेले महिने हे कपडे पत्र्याच्या पेटीत पडून राहत. श्रावणात मंगळागौरीसाठी नऊवारीला, डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनांसाठी सगळ्याच पोशाखांना आणि 19 फेब्रुवारीच्या शिवजयंतीला मावळ्यांच्या संचांना मागणी असते. त्यामुळे ओळखीच्या पालकांनी विचारल्यावर त्यांनी ते भाड्याने द्यायला सुरुवात केली. भाडे प्रतिसंच 150 रुपये आणि अनामत 500 रुपये, एवढेच ठरले होते. पावतीवर घेणाऱ्याचे नाव, संचांची संख्या आणि परतीची तारीख लिहिली जात असे. कपडा कोणत्या अवस्थेत गेला, याची नोंद कोठेच नव्हती.

या व्यवहाराचे सगळे प्रश्न एकाच प्रसंगात एकत्र आले, म्हणून तोच प्रसंग तपशिलाने मांडतो. संबंधितांची नावे देण्याचे कारण नाही. वही आणि पावत्या मी पाहिल्या आहेत.

एका शाळेने मावळ्यांचे बाराही संच नेले. संच चार नगांचा होता: पांढरा सुती अंगरखा, सुरवार, कमरेचा लाल शेला आणि तुऱ्यासह तयार पगडी. घेताना रंगमंचावरील कार्यक्रमासाठी हवे आहेत असे सांगण्यात आले आणि पावतीवरही ‘स्टेज कार्यक्रम’ असेच लिहिले गेले. प्रत्यक्षात मुले तेच कपडे घालून शिवजयंतीच्या मिरवणुकीत गेली. संध्याकाळी साडेसात वाजता शाळेचा शिपाई दोन गाठोडी आणून ठेवून गेला. बाईंनी ट्यूबलाइटच्या उजेडात नग मोजले, दोन तुरे कमी असल्याचे शिपायाला सांगितले आणि गाठोडी तशीच बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कपडे उलगडले तेव्हा नऊ अंगरख्यांवर गुलाल होता.

पुढे जे झाले ते पुष्कळांच्या बाबतीत होते. घाईने कपडे साबणाच्या कोमट पाण्यात भिजवले गेले. हल्लीच्या गुलालात बहुधा कृत्रिम रंग असतो आणि तो पाणी लागताच सुती धाग्यात उतरतो. मुलांच्या घामाने अर्धे काम आधीच झालेले असते. असा कपडा कोरडा असतानाच आधी झटकावा लागतो, मऊ ब्रशने उरलेली पूड काढावी लागते आणि त्यानंतरच एक-एक नग वेगळा, भरपूर थंड पाण्यात धुवावा लागतो. एकत्र भिजवल्यावर एका अंगरख्याचा रंग दुसऱ्याला लागतो. जागरण-गोंधळाच्या नृत्यानंतर अंगावर उधळलेल्या भंडाऱ्याचे मात्र वेगळे आहे. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो, पाहणारा घाबरून जातो आणि ब्लीच ओततो. त्याने डागाबरोबर काठाचा रंगही जातो. खरे तर हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. कपडा धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात उलटसुलट वाळवला की बहुतेक डाग फिका पडतो. गुलालाला ऊन असे मदत करत नाही, म्हणून परतीच्या तपासणीत डाग कशाचा आहे हे लिहिणे आवश्यक असते. डागाच्या रंगावरच पुढील धुलाई आणि पुढील आकारणी अवलंबून राहते.

नऊपैकी चार अंगरखे गावातल्या ड्रायक्लीनरकडे स्वच्छ झाले. पाच अंगरख्यांच्या खांद्यांवर आणि पाठीवर गुलाबी छटा कायम राहिली आणि ते रंगमंचावर वापरण्याजोगे उरले नाहीत.

बाईंचे पहिले म्हणणे असे होते की संच खराब झाले, तेव्हा पूर्ण 6,000 रुपयांची अनामत ठेवून घ्यायची आणि नवे बारा संच शिवायला लागणाऱ्या 19,200 रुपयांतील बाकी शाळेकडे मागायची. शाळेच्या सांस्कृतिक विभागाचे शिक्षक म्हणाले, “मॅडम, कपडे आधीच वापरलेले होते. दोन अंगरख्यांच्या काखेत शिवण उसवलेली होती, आमच्या मुलांनी सेफ्टी पिना लावून घातले. आता नव्या कपड्यांचे पैसे आम्ही कसे देणार?” बाईंनी उत्तर दिले, “सर, वापरलेले होते हे मान्य आहे, पण रंगलेले नव्हते.” दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते आणि दोघांकडेही कागद नव्हता.

कायदा कोठे उभा राहतो

मोबदला घेऊन आपली वस्तू वापरायला देणे हा भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 148 पासून पुढे येणाऱ्या निक्षेपाच्या, म्हणजे परत मिळण्याच्या बोलीवर वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देण्याच्या, तरतुदींत मोडणारा व्यवहार आहे. वस्तू घेणाऱ्याने सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी, असे कलम 151 सांगते. आणि तेवढी काळजी घेतल्यावरही वस्तू खराब झाली, तर वेगळा करार नसल्यास घेणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, असे कलम 152 सांगते. भाड्याने वस्तू देणाऱ्यांना हे दुसरे कलम बहुधा ठाऊक नसते. पावतीवर एकही अट न लिहिता अनामत घेणाऱ्याची बाजू त्यामुळे लंगडी पडते.

या प्रसंगात शाळेच्या विरुद्ध जाणारी गोष्ट कलम 154 मध्ये होती. ठरलेल्या अटींबाहेर वस्तू वापरली, तर त्या वापरामुळे किंवा त्या वापराच्या काळात झालेल्या नुकसानाची भरपाई घेणाऱ्याने द्यावी लागते, मग त्याने कितीही काळजी घेतलेली असो. पावतीवरील ‘स्टेज कार्यक्रम’ हे दोन शब्द बाईंनी केवळ सवयीने लिहिले होते, पण मिरवणूक हा त्याबाहेरचा वापर आहे हे त्या शब्दांनीच सिद्ध होत होते.

बाईंच्या विरुद्ध जाणाऱ्याही दोन गोष्टी होत्या. कराराचा भंग झाला तरी ठरलेली रक्कम आपोआप हाती पडत नाही. त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते, हे कलम 74 चे तत्त्व आहे. ‘अनामत जप्त’ असा शिक्का मारल्याने 60 रुपयांचा तुरा 500 रुपयांचा होत नाही. दुसरी गोष्ट कलम 150 ची. भाडे घेऊन वस्तू देणारा हा वस्तूतील दोषामुळे होणाऱ्या इजेला जबाबदार असतो, आणि तो दोष आपल्याला माहीत नव्हता हा बचाव त्याला चालत नाही. उसवलेल्या काखेला मुलांनी लावलेल्या पिना कोणाला टोचल्या असत्या, तर प्रश्न उलटा फिरला असता. झीज नोंदवण्याचे काम केवळ आपले पैसे वसूल करण्यासाठी नसते. मुलाच्या अंगावर सदोष वस्तू जाऊ नये यासाठीही ते असते, आणि माझ्या मते हे दुसरे कारण अधिक वजनदार आहे.

भरपाई कशी काढली

प्रकरण न्यायालयात गेले नाही. गावातलेच दोघेही असल्याने मुख्याध्यापकांसमोर बसून आकडे काढण्यात आले. आधी संचाची किंमत नगांत फोडण्यात आली: अंगरखा 700, सुरवार 350, शेला 200 आणि तुऱ्यासह पगडी 350, एकूण 1,600 रुपये. त्यानंतर प्रत्येक नगाचा आधीचा वापर मोजला गेला. वर्गाच्या स्वतःच्या कार्यक्रमांची छायाचित्रे आणि जुन्या पावत्या मिळून हे संच आधी आठ वेळा अंगावर चढल्याचे दिसत होते. ते शिवणाऱ्या शिंप्याने सांगितले की मुलांच्या नाचात सुती अंगरखा साधारण वीस वेळा निघतो. म्हणजे शाळेने घेतला तेव्हा अंगरख्याचे बारा वापर, अर्थात साठ टक्के मोल, शिल्लक होते आणि ते 420 रुपये होत होते.

पाच अंगरख्यांचे 2,100 रुपये, चार अंगरख्यांच्या ड्रायक्लीनिंगचे प्रत्येकी 90 प्रमाणे 360 रुपये आणि दोन तुऱ्यांचे 120 रुपये, अशी एकूण 2,580 रुपयांची आकारणी झाली. 6,000 रुपयांतून ती वजा करून 3,420 रुपये शाळेला परत देण्यात आले. काखेतल्या उसवणीचे काहीही लावले नाही, कारण ती कधी झाली हे सांगता येत नव्हते आणि नाचात काख उसवणे ही त्या कपड्याची नेहमीची झीजच आहे.

या आकारणीत नव्या कपड्याची किंमत कोठेच धरलेली नाही, हे लक्षात घ्यावे. आठ वापर झालेल्या कपड्याच्या जागी नवा कपडा मागणे म्हणजे आधीच्या भाडेकरूंकडून ज्या झिजेचे पैसे भाड्यात घेतले, तीच झीज नव्या भाडेकरूकडून पुन्हा वसूल करणे होय. झीज भाड्यातून भरून निघायची असते आणि अनामत नुकसानासाठी असते. या दोन रकमांची सरमिसळ झाली की प्रत्येक परतीच्या वेळी भांडण होते.

भाडेच मुळात कमी होते

हिशेब नगवार मांडल्यावर बाईंच्या लक्षात आलेली गोष्ट गुलालापेक्षा गंभीर होती. पुढल्या हंगामात त्यांनी प्रत्येक नगाचे वापर लिहायला सुरुवात केली, तेव्हा अंगरखा अठराव्या वापराच्या सुमारास रंगमंचावरून उतरतो असे दिसले. सुरवार आणि शेला पंचवीसपर्यंत टिकतात आणि पगडी व्यवस्थित डब्यात ठेवली तर पस्तीसपर्यंत चालते. या आयुष्याने किमतीला भागले की एका वापराला अंगरख्याचे 39, सुरवारीचे 14, शेल्याचे 8 आणि पगडीचे 10, मिळून 71 रुपये झिजतात. धुलाई आणि इस्त्रीचे 60 आणि हूक, नाडी, टाके यांचे सरासरी 15 रुपये त्यात मिळवल्यास 146 रुपये होतात. भाडे 150 होते. म्हणजे एवढी देवाणघेवाण, फोन, नगमोजणी आणि मनस्ताप करून हातात चार रुपये उरत होते आणि पेटीतले कपडे मात्र संपत चालले होते. हंगामात रोख येत असल्याने हे जाणवत नाही. नवे संच शिवायची वेळ आली की जाणवते. आता भाडे 280 रुपये आहे. पहिल्या वर्षी काही पालक गळाले, पण शाळा टिकल्या, कारण जवळच्या मोठ्या शहरातून ड्रेपरीवाल्याकडून संच आणायचे तर जाण्यायेण्याचा खर्चच त्याहून अधिक पडतो.

अनामतही याच हिशेबातून ठरली. एका संचामागे नेहमी घडू शकणारे मोठे नुकसान म्हणजे मध्यमवयाचा एक अंगरखा, एक ड्रायक्लीनिंग आणि एक तुरा. 420, 90 आणि 60 मिळून 570 होतात, म्हणून अनामत 600 ठेवली. संचाच्या पूर्ण किमतीएवढी अनामत मागितली तर पालक फिरकत नाहीत, आणि 200 ठेवली तर परत करण्याची घाई कोणाला राहत नाही. शाळांची अडचण वेगळी असते. बारा संचांचे 7,200 रुपये आगाऊ मिळवायला त्यांना संस्थेची मंजुरी लागते. त्यांच्याकडून बाई निम्मी अनामत घेतात, आणि उरलेल्या अर्ध्याच्या बदल्यात नगवार किमतीचा तक्ता मान्य असल्याचे मुख्याध्यापकांचे सही-शिक्क्याचे पत्र घेतात. अनामत यूपीआयने आली तर ती भाड्यापासून वेगळ्या व्यवहारात घेतली जाते, म्हणजे परत करताना कोणती रक्कम कशाची यावर वाद होत नाही.

झीज नोंदवण्याची रीत

प्रत्येक नगाच्या आत, गळ्याखाली किंवा नेफ्याजवळ, सुती पट्टी शिवून तिच्यावर न जाणाऱ्या शाईने क्रमांक घातलेला आहे. क्रमांक संचाला नव्हे, नगाला असतो. कारण संच मोडतात, एकाची सुरवार दुसऱ्याच्या अंगरख्याबरोबर जाते आणि संचाची नोंद निरुपयोगी ठरते. वहीत प्रत्येक नगाला एक पान आहे. त्यावर तारीख, कोणत्या कामासाठी गेला, किती वेळा अंगावर चढला आणि परत आल्यावरची प्रत असे चार रकाने आहेत. भाड्याचे दिवस मोजून उपयोग नसतो, ही गोष्ट नवख्यांना सुचत नाही. तीन दिवस नेलेला कपडा कपाटात राहिला तर झिजत नाही आणि एका दिवसात रंगीत तालीम व दोन प्रयोग झाले तर तीन वापर होतात. म्हणून परतीच्या वेळी किती वेळा घातला हे विचारून लिहिले जाते. लोक थोडे कमी सांगतात, पण काखेकडे पाहिले की अंदाज येतो.

काखेची तपासणी कशी होते ते सांगण्यासारखे आहे. अंगरखा खिडकीशी नेऊन बाही उलटी करतात आणि शिवणीची जागा दोन्ही हातांनी हलकेच ताणून उजेडावर धरतात. चांगल्या कपड्यात शिवणीची रेघ सलग, काळपट दिसते. झिजलेल्या कपड्यात शिवणीच्या दोन्ही बाजूंचे धागे सरकून बारीक जाळी झालेली असते आणि तिच्यातून उजेड टिपक्याटिपक्यांनी येतो. जाळी दिसू लागली की दोन-तीन वापरांत कपडा फाटतो. शिवण कितीही पक्की केली तरी कापडच सुटते. अशा वेळी आतून ठिगळ लावले जाते आणि त्याची वहीत नोंद होते. काखेशिवाय गळ्याची कड, जिथे चेहऱ्याची रंगभूषा लागते, खालचा घोळ, जो पायाखाली येतो, आणि हूक-नाड्या, एवढ्याच जागा पाहिल्या जातात. सगळा कपडा निरखत बसले तर बारा संचांना अर्धा दिवस जाईल.

छायाचित्रे देताना आणि परत घेताना त्याच जागी, पांढऱ्या चादरीवर, दिवसाच्या उजेडात काढतात. आधीपासूनच्या दोषाचे छायाचित्र क्रमांकाची पट्टी शेजारी दिसेल असे जवळून घेतले जाते आणि घेणाऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर त्याच वेळी पाठवले जाते. ‘आधीच फाटलेले होते’ हे वाक्य त्यानंतर फारसे ऐकू आलेले नाही, कारण जे आधी फाटलेले होते ते बाईच दाखवून देतात. संध्याकाळी कपडे परत घेणेही बंद झाले. सकाळी दहा ते बारा ही वेळ ठेवली आहे आणि आणणाऱ्यासमोरच नगमोजणी व चार जागांची पाहणी होते. एकदोन संच असतील तर अनामत तिथल्या तिथे परत मिळते. मोठ्या लॉटमध्ये ऐंशी टक्के रक्कम लगेच आणि उरलेली धुलाईनंतर तीन दिवसांत दिली जाते, कारण पांढऱ्या कपड्यावरचे घामाचे आणि तेलकट रंगभूषेचे डाग पुष्कळदा धुऊन वाळल्यावरच स्पष्ट दिसतात.

पावतीवर आता मोजक्याच अटी आहेत. कपडा कशासाठी नेला ते लिहिलेले असते. माप बसवण्यासाठी फक्त हाताने कच्चा दोरा घालायला परवानगी आहे; मशीनची टीप उसवली की सुईची भोके राहतात आणि नऊवारीच्या साटिनवर ती कधीच बुजत नाहीत. धुऊन परत देऊ नये, ही अटही आहे. ती वाचून पालकांना नवल वाटते, परंतु घरच्या धुलाईत गेलेले रंग आणि इस्त्रीने चिकटलेली जर यांचे नुकसान डागांपेक्षा अधिक झालेले आहे.

या पद्धतीच्याही मर्यादा आहेत. नकली दागिने तिच्यात बसत नाहीत. ठुशी, बाजूबंद, कंबरपट्टा यांचा मुलामा पाच-सहा वापरांत उतरतो, मणी कोणाच्या हातून तुटला हे कळत नाही आणि वीस-तीस रुपयांच्या नगासाठी वहीचे पान राखण्यात वेळ फुकट जातो. बाईंनी दागिने भाड्यातून काढून टाकले. ज्यांना हवे असतात त्यांना ते खरेदीच्या भावाने विकतच दिले जातात. बाईंचा लग्नातला रेशमी शालूही एका शिक्षिकेने मागितला होता, तो त्यांनी दिला नाही. ज्या वस्तूचे मोल शिंप्याच्या दराने सांगता येत नाही, तिची अनामत ठरवता येत नाही, असे त्यांचे मत आहे आणि मला ते पटते.

गुलाबी छटा राहिलेले ते पाच अंगरखे टाकले गेले नाहीत. वहीत त्यांची प्रत ‘तीन’ अशी लिहिली आहे आणि रंगमंचावरून उतरलेले इतर अंगरखेही हळूहळू त्यांच्यात जमा होतात. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी कोणी विचारले की हेच संच 120 रुपये भाड्याने आणि 200 रुपये अनामतीवर जातात, आणि पावतीवर ‘मिरवणूक, गुलाल चालेल’ असे स्पष्ट लिहिलेले असते. तिथे तपासणी फक्त नगांच्या संख्येची आणि तुऱ्यांची होते.